तिसऱ्या खेपेची ओळ

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या मुख्य रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून अश्वजितचं दुकान होतं. पाटीवर रेकॉर्डिंग, साऊंड सर्व्हिस, कॅसेटची सीडी करून मिळेल असं सगळं लिहिलेलं. त्यातलं साऊंड सर्व्हिसचं काम त्यानं केव्हाच सोडलं होतं, पण पाटी नवी करायचा कंटाळा. गिरणी सुरू झाली की त्याचं रेकॉर्डिंग बंद आणि वीज गेली की दोघांचंही बंद, असा त्या दोन शेजाऱ्यांचा संसार होता. बायको म्हणायची, ह्यांना घरात चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, पण तीन गल्ल्या पलीकडच्या भोंग्यातली घरघर बरोबर ऐकू येते. ते खरंच होतं.

मूळचा तो पुलगावचा. वडील श्रावण हेही गिरणीत, पण सुताच्या गिरणीत कामाला, आणि पोरानं मात्र आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला. पास झाल्यावर एक जुना ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक टेपरेकॉर्डर एवढ्या भांडवलावर तो लग्नं, जयंत्या, बारशी अशा सगळ्या कार्यक्रमांत तारा ओढत फिरायला लागला. अंगात मस्ती भरपूर होती. सोल्डरिंगचं आयर्न हातात धरता आलं की आपण इंजिनिअर झालो, असं वाटायचं ते वय. पुढं तो वर्ध्याला आला, कॅसेटी भरून द्यायला लागला, दोन हजार एकमध्ये सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, आणि आवाज दुरुस्त करायचा नाद लागला तो कायमचा.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत एक बाई दुकानात आल्या. खांद्याला शबनम, हातात सीडी.

"जय भीम, दादा. मी माधवी. पुलगावले शाळेत शिकवते. तानाबाईची मुलगी."

अश्वजितच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला. तानाबाई हे नाव त्यानं दहा वर्षांत स्वतःहून एकदाही काढलं नव्हतं.

पुलगावच्या त्यांच्या वस्तीत तानाबाई म्हणजे आवाज. शेतात निंदणाला जाणारी बाई, अक्षर येत नव्हतं, पण ओळीत ओळ अशी बसवायची की शिकलेल्यांनी तोंडात बोटं घालावीत. आवाज गोड नव्हताच. त्याला एक खर होता, नव्या घोंगडीसारखा, आणि वरच्या सुरात गेली की तो खर आणखी उजळायचा. अश्वजित लहानपणी तिच्या मागं कोरसमध्ये टाळ्या वाजवत बसायचा. पोरांनी ताल चुकवला की ती गाता गाताच डोळे वटारायची आणि गाणं मात्र जराही हलायचं नाही.

सत्त्याण्णवमध्ये तिच्या घशात गाठ निघाली. तंबाखूची सवय होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून श्वासासाठी गळ्याला भोक ठेवावं लागलं. तेव्हापासून ती साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं पाटीवर लिहून बोलत होती.

"माही आचल सहा वर्षांची झाली," माधवी म्हणाली. "तिनं आजीचा आवाज आयकलाच नाई. परवा शाळेतून आली न् म्हने, आजी पयलेपासून मुकीच हाये का? आईच्या समोर. आई हसली, पण मले नाई सहन झालं. तिच्या आवाजाची एकच कॅसेट हाये जगात. विहाराच्या उद्घाटनाची. थे दुसऱ्या एका गावी देऊन सीडी केली, तं सगळं फाटूनच गेलं. मंग आईनं पाटीवर तुमचं नाव लिवलं."

विहाराच्या उद्घाटनाची कॅसेट. अश्वजितनं मान हलवली, सीडी घेतली आणि मनातल्या मनात स्वतःला जमिनीत गाडून घेतलं. कारण ती कॅसेट त्यानंच भरली होती, आणि तिच्यातला आवाज फाडलाही त्यानंच होता.

चौऱ्याण्णवची बुद्धपौर्णिमा. वस्तीतल्या बायांनी स्वतः विटा-गारा वाहून विहार उभा केला होता, आणि तानाबाईनं त्यावर गाणं रचलं होतं. शेवटच्या कडव्यात त्या बायांची नावंच नावं, आणि ध्रुपदाची ओळ 'भिंत आपली, छत आपलं, हात आपले, बाई!' ही तीन वेळा. अश्वजितच्या ॲम्प्लिफायरचं रेकॉर्डिंगचं भोक तुटलेलं होतं. मग ह्या इंजिनिअरनं भोंग्याकडं जाणाऱ्या तारेतूनच एक तार काढली, मध्ये एक रेझिस्टर जोडला आणि ती टेपरेकॉर्डरच्या माईकच्या भोकात घातली. 'हॅलो, हॅलो' म्हणून पाहिलं, झकास. भाषणंही झकास आली. मग गाण्याच्या वेळी भोंग्यांचा आवाज वाढला, आणि भोंग्याकडं जाणारा वाढला म्हणजे टेपकडं जाणाराही वाढला, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. टेपवर एक लाल दिवा सारखा पेटलेला होता. अश्वजितला वाटलं, रेकॉर्डिंग जोरात चालू आहे. तो दिवा 'पुरे कर' म्हणून ओरडत होता, हे त्याला चार महिन्यांनी एका मेकॅनिकनं सांगितलं. कॅसेट विहाराच्या कमिटीला देऊन तो जो सटकला, तो पुन्हा त्या गाण्याच्या वाटेला गेला नाही.

"मूळ कॅसेट लागन," तो माधवीला म्हणाला. "सीडीचं काम नाई."

खरं तर सीडी त्यानं तिथंच कॉम्प्युटरवर लावली होती. पडद्यावर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. आवाजाच्या लाटेला वर टेकडी आणि खाली दरी असते. इथं एकही टेकडी शिल्लक नव्हती, सगळ्या एकाच उंचीवर कापलेल्या, आणि त्या उंचीच्या वर कॉम्प्युटरला आकडाच नसतो. सीडी करणाऱ्यानं लेव्हल वाढवून भरली होती. अश्वजितचा दोष होता तो होताच, त्यावर दुसऱ्यानं आपलाही घातला होता. माणसाला अशा वेळी जरा बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटतं.

आठवड्यानं माधवी कॅसेट घेऊन आली. अश्वजितनं डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, छोट्या स्क्रूनं ते किंचित तिरकं करत करत जिथं स, श स्वच्छ ऐकू येतील तिथं आणलं, लेव्हल मुद्दाम निम्म्याच्याही खाली ठेवली आणि कॅसेट उतरवून घेतली. पहिल्या कडव्यात बऱ्याच टेकड्या परत दिसल्या! त्या टेपवर शाबूत होत्या, सीडीतच गेल्या होत्या. त्याला इतका आनंद झाला की त्यानं गिरणीवाल्या रामाजीला हाक मारून आणून ती रेघ दाखवली. रामाजीनं पिठाचे हात झटकत भक्तिभावानं पाहिलं आणि विचारलं, "हे हार्टचं हाये का?"

पण दुसऱ्या कडव्यापासून पुढं लेव्हल कितीही कमी करून उतरवलं तरी शेंडे सपाटच येत होते. फक्त आता ते जरा तिरपे होते आणि कॉम्प्युटरच्या मर्यादेच्या बरेच खाली होते. म्हणजे हे कापणं टेपमध्येच होतं. हे त्याचं स्वतःचं.

त्याच्याकडं कापलेले शेंडे परत बांधणारा एक प्रोग्रॅम होता, डी-क्लिपर. त्याचं काम समजायला सोपं आहे. टेकडी चढत आली, मध्येच कापली, आणि पुढून उतरत गेली. तर चढण कशी होती आणि उतार कसा आहे ते दोन्हीकडून पाहून प्रोग्रॅम मधला शेंडा काढतो. कापलेला तुकडा बारीक असेल तर तो जवळजवळ खराच निघतो. तुकडा लांब असेल तर प्रोग्रॅम अंदाज करतो, आणि अंदाज करतोय हे सांगत मात्र नाही. बांधलेले शेंडे आधीपेक्षा उंच जाणार, म्हणून आधी सगळा आवाज खाली उतरवून वर जागा करावी लागते, नाही तर बांधलेलं डोकं पुन्हा छताला आपटून कापलं जातं.

खरी गोम वेगळीच होती. 'ह्या उंचीच्या वरचं कापलेलं समज' असा आकडा प्रोग्रॅमला द्यावा लागतो. अश्वजितच्या त्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी व्यवस्था होती, पण ती कापणं झाल्यानंतरच्या पायरीवर. म्हणजे आधी शेंडे उडायचे आणि मग उडालेला आवाज ती व्यवस्था खाली-वर करायची. त्यामुळं कापल्याची उंची एका ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दुसरी. सगळ्या गाण्याला एकच आकडा दिला तर कुठं काहीच व्हायचं नाही आणि कुठं चांगल्या टेकड्याही कापलेल्या समजून प्रोग्रॅम त्या उकरून नव्या बांधायचा. तेव्हा ओळ घ्यायची, सपाटी कुठून सुरू होते ते मापायचं, आकडा द्यायचा, ऐकायचं, पटलं नाही तर मोडायचं.

ह्यात तीन आठवडे गेले. दुपारची वीज सहा-सहा तास जायची, मग ती असेल तेवढ्यात घाई. ऐकताना अश्वजित एकच गोष्ट शोधायचा, तो खर. फाटल्याचा खरखराट वेगळा आणि तानाबाईचा खर वेगळा. आकडा एका टोकाला गेला की आवाज फाटका, दुसऱ्या टोकाला गेला की गुळगुळीत, कुण्याही बाईचा. मध्ये कुठंतरी एक जागा होती जिथं कान म्हणायचे, हं, ही ती. दुसरं कडवं असं ओळीओळीनं परत आलं. तिसऱ्या कडव्यातली नावंही आली. शोभाबाई, अनुसयाबाई, गुलाबची माय, एकेक बाई जणू विटांची पाटी उतरवून समोर उभी राहिली. अश्वजितनं हेडफोन काढून डोळे पुसले आणि बायकोनं पाहू नये म्हणून उगाच डेकवर फुंकर मारली.

राहिली शेवटची ओळ. तिसऱ्या खेपेची.

पहिल्या खेपेला ती ओळ तानाबाईनं एकटीनं, सावकाश म्हटली होती. दुसऱ्या खेपेला बायांनी साथ धरली होती. तिसऱ्या खेपेला तानाबाईनं अंगातलं सगळं बळ लावलं, तीस-चाळीस बायांनी लावलं आणि ढोलकीवाल्यानंही कसर सोडली नाही. पडद्यावर तिथं टेकड्याच नव्हत्या, वर एक ओटा आणि खाली एक ओटा. ढोलकीचा प्रत्येक ठोका सगळ्या लाटेला छताशी दाबून धरत होता, आणि दाबलेल्या तेवढ्या वेळात तानाबाईचा आवाज टेपवर उमटलाच नव्हता. चढण नाही, उतार नाही, प्रोग्रॅमनं पाहायचं कशाकडं? तरी त्यानं वीसएक आकडे देऊन पाहिले. प्रत्येक वेळी ढोलकी फुगायची आणि मधून कुणीतरी परकी बाई विहिरीतून बोलल्यासारखी निघायची. शब्द कळत होते. शब्द फाटून फाटूनही कळतात. पण माणूस नव्हतं.

हे वाचणार नाही, हे अश्वजितला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मान्य करायला आणखी पाच दिवस लागले. आणि मान्य केल्यावर त्यानं जे केलं ते त्याच्यासारख्या कारागिराला शोभणारं नव्हतं. त्यानं पहिल्या खेपेची स्वच्छ ओळ उचलली, थोडी मोठी केली, खाली दुसऱ्या खेपेतल्या बायांचा कोरस हलका अंथरला आणि तिसऱ्या जागी बसवून दिली. सांधा असा जुळला की त्याचा त्यालाच ऐकू येईना. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं तो स्वतःला म्हणाला. पण पोरीसाठी केलं नव्हतं. आपली दहा वर्षांपूर्वीची तार कुणाला दिसू नये म्हणून केलं होतं, आणि हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं तिघी आल्या. माधवी, दोन वेण्या घातलेली आचल आणि तानाबाई. तानाबाई वाळली होती, गळ्याभोवती पांढरा रुमाल, काखेत पाटी. अश्वजित पाया पडायला वाकला तर तिनं त्याचा कान धरून वर केलं, जशी ताल चुकल्यावर धरायची. त्याला रामाजीची गिरणी बंद करायला सांगायची होती, पण रामाजी आधीच गिरणी बंद करून दारात येऊन उभा होता.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला आचलनं आजीकडं पाहिलं, मग स्पीकरकडं, मग पुन्हा आजीकडं.

"हे तू होय, आजी?"

तानाबाईनं मान हलवली. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण शब्द, श्वास, थांबा, सगळं स्पीकरशी तंतोतंत. अश्वजित पडद्याकडं पाहायचं विसरून तिच्या ओठांकडं पाहत होता. माधवी पदरात तोंड घालून रडत होती, आणि नावं आली तेव्हा रामाजीनंही नाक ओढलं.

शेवटची ओळ आली. तानाबाईनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून ती हळुवार, गोड ओळ आली. तिचे ओठ तिथंच थांबले. गाणं संपलं तरी तोंड तसंच उघडं होतं.

"किती साजरं केलं, दादा!" माधवी म्हणाली. "कुठीच नाई फाटलं!"

तानाबाईनं पाटी मांडीवर घेतली. खडू करकरला. तिनं पाटी फिरवली ती सरळ अश्वजितकडं.

'हे पयल्या खेपचं हाये.'

अश्वजितचे कान तापले. खोटं बोलायचं तर आताच बोलायला हवं होतं, आणि त्याला ते जमलं नाही.

"हो, आत्या," तो म्हणाला. "तिसऱ्या खेपचं नाई वाचत. मी लय पाह्यलं. तिथं टेपवर तुमचा आवाजच नाई, नुसता मार हाये. आन्‌ थे मीच केलं. भोंग्याच्या तारेतून तार काढली होती, थे चुकीची होती. लाल दिवा लागून होता, तं मले वाटलं चांगलं भरून राह्यलं. दहा वर्षं झाले, मी तुमच्या समोर नाई आलो. तुमचा एकच आवाज होता जगात, थो मी खराब केला."

माधवी त्याच्याकडं पाहतच राहिली. तानाबाईनं मात्र पाटी पुसली, पदरानं, सावकाश, आणि लिहायला लागली. जागा पुरली नाही म्हणून दोनदा पुसून लिहिलं. माधवीनं मोठ्यानं वाचलं.

"'मले माईत हाये. टेप तुहीच होती न. आवाज वाढव म्हून मीच तुले हात केला. बाया रस्त्यापलीकडं बसल्या होत्या. ज्याइनं विटा वाह्यल्या त्याइले आयकू जात नोहतं.'"

अश्वजितला आठवलं. मंचावरून केलेला तो हात, वर, आणखी वर. त्यानं भोंग्याचं बटण आणखी फिरवलं होतं, बायकांचा मोठा गलका उठला होता आणि तिनं ती ओळ घेतली होती.

"माईत होतं, तं मंग माह्याकडं काऊन पाठवलं, आत्या?" त्यानं विचारलं. "नागपूरले माह्यापेक्षा मोठमोठे स्टुडिओ हायेत."

ह्या वेळी तिनं जास्त लिहिलं नाही. 'त्याइले माहा आवाज माईत नाई. तुले हाये.'

अश्वजितनं पाटी वाचली आणि तोंड फिरवलं. इतके दिवस तो समजत होता की आपण कुणाचं तरी देणं फेडतोय, आणि इथं तर त्यालाच कुणीतरी काहीतरी देऊन राहिलं होतं. तीन आठवडे प्रत्येक ओळीवर 'ही ती' असं जे त्याच्या कानांनी म्हटलं होतं, ते कान ह्याच बाईच्या मागं टाळ्या वाजवताना तयार झाले होते. त्याला म्हणायचं होतं, आत्या, तुमचे उपकार आहेत. निघालं एवढंच, "चहा सांगू का?"

तानाबाईनं हातानंच सांगितलं, चहा नंतर. आणि स्पीकरकडं बोट केलं.

त्यानं जुनी फाइल उघडली. चिकटवलेली ओळ काढली आणि टेपवरची, जशी होती तशी, परत बसवली. प्रोग्रॅमचं बोटही लावलं नाही. फक्त दुकानाची काच हलू नये म्हणून जरा खाली घेतली.

"आयक हं," त्यानं आचलला आधीच सांगून ठेवलं. "इथं फाटते. आजी लय जोरात गायली न् माही तार पुरली नाई."

ओळ आली. भिंत, छत, हात, बायांचा गलका, ढोलकी, सगळं एकमेकांत घुसलेलं, कर्कश, फुटलेलं. माधवीनं कपाळाला आठी घातली. आणि तानाबाईचं तोंड ह्या वेळी थांबलं नाही. मानेच्या शिरा ताणल्या, हात वर गेला, गळ्यावरचा रुमाल श्वासानं फडफडला. टेपवर जे उमटलं नव्हतं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आचल एकदा आजीकडं, एकदा स्पीकरकडं असं पाहत होती. ओळ संपली. पोरगी उठली आणि कॉम्प्युटरच्या टेबलाला येऊन चिकटली.

"काका, थेच लावा ना आखरी. फाटलेलं. त्याच्यात आजी जास्त हाये."

अश्वजितनं ती ओळ तिला तीनदा लावून दिली. सीडीवरही तीच भरली.